दर मीटरला सव्वा किलो

सरकारी इंजिनीअर लग्नाला गेला तरी त्याला जेवणाच्या पंगतीत कोणीतरी गाठतंच. शेजारचा माणूस पहिल्या घासाला तालुका विचारतो, दुसऱ्याला खातं विचारतो आणि तिसऱ्याला म्हणतो, घराला पुट्टी मारायचीय, किती लागंल? मी तीस वर्षं एकच उत्तर देत आलो. मीटरला सव्वा किलो, दोन हात. चाळीस किलोची गोणी बत्तीस चौरस मीटरला पुरते. खोलीच्या भिंतींचं क्षेत्रफळ काढा, दारं-खिडक्या वजा करा, बत्तीसनं भागा. एवढं सांगून मी पुन्हा ताटाकडे वळायचो. हात म्हणजे थर, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. रंगाचा हात, चुन्याचा हात, पुट्टीचा हात.

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. सव्वा किलो लागते ती गिलावा सरळ असेल तर. पुट्टी जेमतेम एक मिलिमीटरचा पापुद्रा असतो. गिलाव्यावरची वाळूची खरखर झाकणं एवढंच तिचं काम. भिंतीला खड्डा असेल तर तो पुट्टीनं भरायचा नसतो, आधी सिमेंटच्या मालानं किंवा जिप्समनं भरून घ्यायचा असतो. हे मला पाठ होतं. फक्त ते सांगायला आणखी चार वाक्यं लागतात, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत चार वाक्यं बोलायची म्हटली की माझ्या जिवावर यायचं.

ही गोष्ट त्याच वर्षांतली आहे. मी राहुरीत राहत होतो आणि माझ्याकडे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, पाऊस कायम दुसरीकडेच पडतो असा भाग होता. मोटारसायकलवर जायला दोन तास, यायला दोन. गुडघे दुखायचे, पित्त उसळायचं, आणि रोज कुठल्या ना कुठल्या शाळेच्या, दवाखान्याच्या, समाजमंदिराच्या भिंतीपुढे उभं राहून मान हलवायची. मी कामचुकार नव्हतो. पण जे काम समोर यायचं ते लवकर डोळ्याआड कसं होईल, एवढाच माझा हिशेब उरला होता.

तिथल्या एका वाडीत दोन खोल्यांची प्राथमिक शाळा आहे. पुण्याकडे कंपन्यांत लागलेल्या वाडीतल्या पोरांनी मिळून शाळेला आतून पुट्टी आणि रंग करून द्यायचं ठरवलं. त्यांनी कुठल्यातरी शाळेचे फोटो पाहिले होते. भिंती अशा की हात फिरवला तर घसरावा. तशाच पाहिजेत, असा गावाचा आग्रह. शाळा समितीचे अध्यक्ष माझ्याकडे ऑफिसात आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. हे गृहस्थ साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. उसाच्या गाड्या तोलण्यात त्यांची हयात गेली होती आणि निवृत्त झाले तरी त्यांचा काटा काही सुटला नव्हता. गावात कोणी अर्धा किलो पेढे वाटले तरी ते हातावर घेऊन अंदाज सांगत. लोक त्यांना तात्या म्हणत.

मी शाळेचा जुना नकाशा काढला. दोन्ही खोल्यांच्या भिंती मिळून एकशे साठ चौरस मीटर. सव्वानं गुणलं, दोनशे किलो. पाच गोण्या. चिठ्ठीवर लिहिलं, खाली सही केली, सवयीनं तारीखही टाकली. सगळा कारभार चहा गार व्हायच्या आत आटोपला. भिंती बघून येतो असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. त्या दिवशी जायचं म्हणजे परत यायला अंधार झाला असता.

पुट्टीचं काम वाडीतल्याच एका पेंटरला मिळालं. तीस-बत्तीस वर्षांचा, बारीक, कमी बोलणारा गडी. माल समितीनं आणायचा, त्यानं फक्त मजुरी करायची, असं ठरलं. हा पूर्वी बायकोला घेऊन उसतोडीला जायचा. वाडीतली निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलूपबंद होतात. गाड्या भरून माणसं जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. हा त्यातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला होता. एका बांधकामावर पुट्टी शिकला, आजूबाजूच्या गावांत घरं मिळवू लागला. त्याची मुलगी त्याच शाळेत तिसरीला होती. सलग दोन वर्षं एकाच शाळेत बसलेली ती त्यांच्या घरातली पहिली. हे मला शाळेच्या बाईंनी नंतर सांगितलं. तेव्हा मला तो फक्त फोनवरचा एक आवाज होता.

कामाच्या पहिल्याच दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी दुसऱ्या एका साइटवर होतो, उन्हात, स्लॅबच्या सळया मोजत. त्यानं ओळख सांगितली आणि म्हणाला, "सायेब, भित मधी आत गेलीया. ॲल्युमिनियमची पट्टी आडवी लावली की मागनं उजेड दिसतोय. पाच गोण्यात न्हाई भागायचं. आदी मालानं भरून घ्यायचं का जिप्सम मारायचं, तेवडं सांगा."

प्रश्न अगदी बरोबर होता. हाताखालच्या ज्युनिअरनं विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. पण जिप्सम म्हटलं की दर मिलिमीटरला मीटरमागे साधारण एक किलो, मग नवी चिठ्ठी, मग तात्यांचे प्रश्न, मग वाडीवर एक खेप. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हणालो, "दोन हात मार. भागतंय." तो काहीतरी बोलत होता तेवढ्यात मी फोन ठेवला आणि पुन्हा सळया मोजायला लागलो. कुठपर्यंत मोजल्या होत्या ते विसरलो म्हणून त्याच्यावरच वैतागलो.

पाच गोण्या तिसऱ्या दिवशी संपल्या. पहिली खोलीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. मुलं मारुतीच्या देवळात बसत होती, शाळेचा सगळा संसार व्हरांड्यात पडला होता, त्यामुळे तात्यांनी सोनईहून आणखी चार गोण्या मागवल्या. त्याही गेल्या. मग तीन. बारा गोण्या संपल्या तेव्हा दुसऱ्या खोलीची एक भिंत अजून उरली होती. तात्यांनी काम थांबवलं.

चारशे ऐंशी किलो. ज्या माणसानं आयुष्यभर काट्यावर बसून गाडीत दडवलेले दगड शोधले, त्याला हे कसं पचावं? त्यांच्या खिशात माझी चिठ्ठी होती. दोनशे किलो, खाली इंजिनीअरची सही. वर गेलेला माल कुठे गेला, हे त्यांनी पेंटरला चारचौघांत विचारलं. तो म्हणाला, भितीनं खाल्ला. लोक हसले. त्यानं रिकाम्या बाराच्या बारा गोण्या घडी करून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या, त्या दाखवल्या. रिकामी गोणी कुणीही कुठेही रिकामी करू शकतो, असं उत्तर मिळालं. त्यातच कोणाला तरी आठवलं की त्याच्या घराच्या पुढच्या खोलीची एक भिंत पांढरी गुळगुळीत आहे. ती वर्षभरापूर्वीची होती, कुठल्यातरी कामावर उरलेल्या मालातून केलेली. पण गावाला एकदा सापडलेला पुरावा कोणी सोडतं का? दोन दिवसांत शेजारच्या दोन घरांनी त्याला दिलेलं काम परत घेतलं.

हे सगळं तात्यांनी मला शनिवारी फोनवर सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काटेकोरपणा होता. त्यांना चोरी झाली असं म्हणायचं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की मी येऊन भिंत बघावी आणि मीटरला किती पुट्टी लागते ते गावापुढे सांगावं. सव्वा किलो म्हटलं तर तो चोर, नाहीतर नाही. मी सोमवारी येतो म्हणालो.

सोमवारी मी गेलो नाही. कारण सांगायचं तर काही नव्हतं. सकाळी उठलो, आंघोळ केली, पँट-शर्ट चढवला आणि बूट घालायला खुर्चीत बसलो तो बसूनच राहिलो. ताप नव्हता, गुडघासुद्धा त्या दिवशी बरा होता. समोर बूट होते आणि मला वाकावंसं वाटेना. बायकोनं दोनदा विचारलं. मी तात्यांना फोन करून नगरला अचानक मीटिंग लागली असं सांगितलं आणि दिवसभर घरात बसून जुने पेपर चाळले. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते. त्या वेळी मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं.

शुक्रवारी गेलो. मोटारसायकलला दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी बांधून, रस्त्यात दोन म्हशी आणि एका मास्तरांना ती लागता लागता चुकवत. शाळेत तात्या होते, समितीची दोन माणसं होती, बाई होत्या. पेंटर व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. मी पहिल्यांदाच त्याचं तोंड पाहिलं. त्यानं नमस्कार केला आणि माझ्या गाडीवरची पट्टी सोडायला लागला. फोनचा विषय त्यानं काढला नाही.

आधी मी झालेल्या भिंती पाहिल्या. मी आयुष्यात भरपूर पुट्टी पाहिली आहे, सरकारी तर विचारूच नका, पण एवढं सफाईचं काम क्वचित पाहिलं. आडवा बल्ब धरला की वाईट पुट्टी लगेच उघडी पडते, प्रत्येक ब्लेडची रेघ सावली टाकते. इथे बल्ब फिरवला तरी भिंतीवर सावली नव्हती. कोपरे धारेला होते. खिडकीच्या कडेला पॉलिश पेपर इतक्या सावकाश फिरवलेला की गिलावा कुठे संपला आणि चौकट कुठे सुरू झाली ते कळेना. मी हात फिरवला आणि तो खरोखर घसरला. मला त्या क्षणी त्याचा हेवा वाटला. माझ्या हातून एवढं चोख काम होऊन किती वर्षं झाली होती ते आठवेना.

मग उरलेल्या भिंतीपाशी आलो. मी पट्टीचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं. बाईंनी मोबाईलचा दिवा पट्टीमागून धरला. भिंत सरळ असती तर पट्टीच्या मागे काळोख राहिला असता. तिथे मधोमध भोपळ्याच्या फोडीसारखी उजेडाची लांब फट दिसली. मी पोलादी मोजपट्टी फटीत घालून दहा जागी मोजलं. बाई लिहून घेत होत्या. शून्य, शून्य, एक, एक, शून्य, दोन, तीन, सात, दोन, एक. बेरीज सतरा. म्हणजे सरासरी पावणेदोन मिलिमीटरचा खड्डा. एक मिलिमीटरला पुट्टी लागते सव्वा किलो. खड्डा भरायला दोन किलो आणि थोडी, त्यावर रीतसर दोन हातांची सव्वा. सव्वातीन ते साडेतीन किलो.

झालेल्या भिंती होत्या एकशे पंचेचाळीस मीटर. चारशे ऐंशी किलो भागिले एकशे पंचेचाळीस. सव्वातीनच्या थोडं वर. मी तो भागाकार तात्यांच्या देखत त्यांच्याच वहीत केला. त्यांनी तो स्वतः पुन्हा केला, मग बोटांवर गोण्या मोजून तिसऱ्यांदा केला. मूठभर पुट्टीसुद्धा इकडेतिकडे झाली नव्हती.

समितीतला एक जण म्हणाला, मग हा गिलावाच वाकडा. कोणी केला होता?

पेंटर पहिल्यांदाच बोलला, तेही जमिनीकडे बघत. पहिल्या खोलीतली दारालगतची भिंत एकदम सरळ आहे, तिला पुट्टी सव्वा किलोच लागली, आमच्यात तिला सायबाची भित म्हणतात. तपासायला येणारा साहेब दारातून आत येतो, पहिल्या भिंतीला पट्टी लावतो आणि मान डोलावतो. गवंड्याला ते ठाऊक असतं. तो तेवढी भिंत जीव लावून करतो आणि बाकीच्या दोरी न लावता थापतो. तो हे कोणाला टोमणा मारायला बोलत नव्हता. गोण्यांचा हिशेब नीट लागावा म्हणून सांगत होता.

आणि मला तो दिवस आठवला. सहा वर्षांपूर्वीचा मार्च महिना, एका दिवसात पाच शाळा. मी त्या पहिल्या खोलीच्या दारातून आत आलो होतो. दारालगतच्या भिंतीला पट्टी लावली होती, बोटाच्या पेरानं दोनचार जागी ठोकून आवाज ऐकला होता, भिंत भरीव वाजली होती. मग बाहेर लिंबाखाली बसून मापं लिहिली. दुसऱ्या खोलीत मी गेलोच नव्हतो. गिलावा एका पातळीत, काम समाधानकारक. त्या वाक्याखाली सही माझी होती.

हे मी सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. गवंडी कुठला तरी बाहेरचा होता, ठेकेदार जिल्हा सोडून गेला होता, त्यांच्या डोक्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. गिलावा जुना आहे एवढं म्हणालो असतो तरी पेंटर सुटला असता. मी क्षणभर तोच विचार केला. पण तो माणूस हातात पट्टीचं टोक धरून उभा होता आणि त्यानं अजूनही फोनबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यानं तो पहिल्याच दिवशी काढला असता तर सगळं गाव माझ्या नावानं शिमगा करत बसलं असतं आणि तो सुटला असता. मला ते सहन होईना.

मी म्हणालो, "तात्या, ही भिंत मीच पास केलीय. न बघता. आणि तुमची चिठ्ठीही मी न बघताच लिहिली. यानं पहिल्या दिवशी मला फोन करून सांगितलं होतं की पाच गोण्यांत भागणार नाही. मी त्याला गप्प बसवलं."

तात्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, नीट वाचली, परत घडी घातली. ते खवळतील अशी माझी अपेक्षा होती. ते खवळले नाहीत. काट्यावरच्या माणसाला वजन जुळलं की पुढे बोलायला काही उरत नसावं. ते पेंटरकडे वळले आणि त्यांनी विचारलं, आम्ही एवढं बोलत होतो तर साहेबांना फोन केला होता हे का सांगितलं नाहीस?

"सांगून काय हुनार हुतं, तात्या," तो म्हणाला. "सायेब न्हाई म्हनले असते, तर माझं कोन ऐकलं असतं?"

तात्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी जे करायला हवं होतं ते केलं. समितीच्या दोघांना म्हणाले, गावात सांगा, माल पुरेपूर भिंतीला लागलाय, आपलंच चुकलं. ज्या घरांनी कामं परत घेतली त्यांच्याकडे मी स्वतः जातो म्हणाले. उरलेल्या भिंतीला आता आधी जिप्सम मारून मगच पुट्टी करायची, तीही यानेच. मी लगेच हिशेब करून दिला. पंधरा मीटरची भिंत, सरासरी पावणेदोन मिलिमीटर, जिप्सम सव्वीस-सत्तावीस किलो, पंचवीस किलोच्या दोन गोण्या आणल्या तर निवांत होईल, माल वीस-पंचवीस मिनिटांत आवळतो म्हणून थोडा थोडाच कालवायचा. मग पुट्टी मीटरला सव्वा किलो, अर्धी गोणी. मी भडाभडा बोलत होतो. कितीतरी दिवसांनी मला आपण कामाचे आहोत असं वाटत होतं.

पेंटर सगळं ऐकत होता. मग तो झालेल्या खोलीत गेला, खिशातून पेन्सिल काढली आणि त्या चकचकीत भिंतींवर तीन-चार ठिकाणी बारीक फुल्या मारल्या. या जागी पुट्टी लई जाड बसलीय म्हणाला. दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जायला नको, इथे सात-आठ झालीय, उन्हाळ्यात तडकणार. तडकली की त्यावर पुन्हा पुट्टी मारू नका, खरवडून काढा, जिप्सम भरा, मग हात मारा. हे तो मला सांगत होता, पण माझ्या डोळ्यांत न बघता, जसं आपण घर सोडताना शेजाऱ्याला पाण्याची वेळ सांगतो तसं.

तूच ये की तेव्हा, मी म्हणालो. ही भिंतही तुलाच करायची आहे, उद्यापासून लाग.

त्यानं पेन्सिल खिशात ठेवली. बाहेर व्हरांड्यात बाई टेबलावर वाकून काहीतरी भरत होत्या. उसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांना शाळा एक कार्ड देते, जिथे जातील तिथल्या शाळेत बसू द्यावं म्हणून. ते कार्ड मी खूप शाळांत पाहिलं होतं. टेबलाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी होती आणि आपलं नाव बाई नीट लिहितात की नाही ते टाचा उंचावून बघत होती. ती त्याचीच मुलगी, हे मला कळायला वेळ लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मुकादमाला शब्द दिलाय, तो म्हणाला. परवा गाडी निघणार. मी म्हणालो, आता सगळं मिटलंय, तात्या स्वतः बोलतील मुकादमाशी. तो थोडा हसला. त्यांच्यात दिलेला शब्द मोडला की पुढच्या साली नवरा-बायकोला कोणी टोळीत घेत नाही, आणि पुढच्या साली काम मिळेलच याची हमी कोण देणार होतं? मी तर नाहीच. मी विचारलं, शब्द कधी दिलास?

"बुधवारी," तो म्हणाला. "मुकादम रविवारीच आल्ता. मी म्हनलं, सोमवारी सायेब येनारेत, तवर थांबा. मंगळवारी बी थांबवला त्येला."

त्यानं माझी पट्टी उचलली, बाहेर नेऊन गाडीला नीट आडवी बांधली, टोकाला लाल चिंधी लावली आणि गाठ ओढून बघितली. मी किक मारली. राहुरीपर्यंतचे दोन तास मी घरातली ती खुर्ची आणि तिच्यापुढे ठेवलेले माझे बूट बघत गेलो.